फ्रँकचा रुपयात भाव डॉलरमार्गे कसा काढावा

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या एका कारखान्याची हिशेबाची टेबलं मी बरीच वर्षं सांभाळली. आमची बहुतेक बिलं डॉलर नाहीतर युरोत. अधूनमधून मात्र स्वित्झर्लंडहून ग्राइंडिंग मशीनचा एखादा सुटा भाग यायचा आणि बिल फ्रँकमध्ये असायचं. मग मालक दारातूनच विचारायचे, "काय पडंल ओ एक फ्रँक?" चंदगड-खानापूरच्या काजूवाल्यांना ही डोकेदुखी नाही, त्यांचा परदेशी कच्चा काजू बहुधा डॉलरमध्येच येतो. आम्हाला मात्र तो आकडा दरवेळी काढावा लागायचा.

काढावा लागायचा, कारण रुपया आणि फ्रँक यांचा म्हणण्यासारखा थेट बाजारच नाही. बँकांच्या आपापसातल्या बाजारात रुपया विकला-घेतला जातो तो डॉलरशी, फ्रँकही मुख्यतः डॉलरशीच. दोघांच्या मध्ये डॉलर उभा असतो आणि त्याच्यामार्फत काढलेल्या भावाला क्रॉस रेट म्हणतात.

ह्यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो. "डॉलरचे दोन भाव घ्या, एकाला दुसऱ्यानं भागा, झालं." झालं काय, डोंबल! ह्या सल्ल्यावर विसंबून मी एकदा भर शाखेत तोंडघशी पडलोय. तो किस्सा पुढे येईल. आधी सोप्या गोष्टी संपवू.

भाव कोणत्या दिशेनं लिहिलाय ते बघा

USD/INR म्हणजे एका डॉलरला किती रुपये. USD/CHF म्हणजे एका डॉलरला किती फ्रँक. पहिलं नाव ज्याचं, तो एक नग, आणि दुसऱ्या नावाच्या चलनात त्याची किंमत. येन, फ्रँक, रुपया, वोन ही सगळी अशीच लिहितात. युरो, पौंड, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचा डॉलर मात्र उलटे. EUR/USD म्हणजे एका युरोला किती डॉलर. कागदावर भाव उतरवताना मी आजही शेजारी मराठीत लिहितो, "१ डॉलर = एवढे फ्रँक". पोरकट वाटेल, पण पुढच्या निम्म्या चुका इथेच थांबतात.

दोन्ही भाव एकाच क्षणाचे घ्या, चारही दशांश स्थळांसकट

०.८०१० ला ०.८० करून टाकायची सवय असेल तर ती आधी मोडा. आपण दोन-तीन पैशांचा हिशेब करतोय आणि त्या एका शून्य-एकाची किंमत फ्रँकमागे तेरा पैसे आहे.

आता उदाहरण. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत आणि फरक डोळ्यांना दिसावा म्हणून जरा रुंद ठेवलेत. तुमच्या दिवशीचे भाव तुम्ही टाका. समजा पडद्यावर असं दिसतंय:

```
USD/INR   85.40 / 85.50
USD/CHF   0.8000 / 0.8010
```

बिल आहे ४०,००० फ्रँकचं.

दोन्हींचा मध्य धरून भागलं, म्हणजे ८५.४५ भागिले ०.८००५, तर १०६.७४५८ रुपये येतात. मोबाइलवर चलन बदलायचं जे काही उघडता त्यात साधारण असाच मध्याचा आकडा दिसतो. मालकांनी दारातून विचारलं तर सांगायला तो पुरे. पण त्या भावानं तुम्हाला कुणी फ्रँक विकणार नाही, म्हणून बजेटमध्ये तो धरू नका.

आता खरी गोची: कुठला डावा, कुठला उजवा

प्रत्येक भावाला दोन आकडे असतात. बँकेतले लोक त्यांना बिड आणि आस्क म्हणतात, कुणी बायिंग-सेलिंग म्हणतं. मी त्यांना डावा आणि उजवा म्हणतो, कारण "खरेदी" म्हटलं की कुणाची खरेदी, आपली की बँकेची, ह्यावर डोकं अडकतं. डाव्या भावानं बँक आपल्याकडून घेते. उजव्या भावानं बँक आपल्याला देते. घेते आणि देते ते पहिलं नाव असलेलं चलन, म्हणजे वरच्या दोन्ही ओळींत डॉलर. सराफाकडं सोनं मोडायला गेलात तर कमी भाव, घ्यायला गेलात तर जास्त, तसंच हे. डावा नेहमी लहान, उजवा नेहमी मोठा.

आता क्रॉस रेटलाही असेच डावा-उजवा दोन आकडे हवेत. साधं डोकं काय सांगतं? डाव्याला डाव्यानं भागा, उजव्याला उजव्यानं भागा. मीही तेच केलं होतं. बिल असंच फ्रँकचं होतं. मी उजव्याला उजव्यानं भागून मालकांना आकडा दिला, त्यांनी त्यावर मान हलवली, आणि बँकेनं खात्यातून रक्कम कापली तेव्हा ती जास्त निघाली. बँकेचं कमिशन आणि मार्जिन वेगळं काढूनही फरक उरत होता. मी तावातावानं शाखेत गेलो आणि परकीय चलनाच्या टेबलावर कागद आपटला. तिथले अधिकारी वयानं मोठे, हुबळीकडचे, कन्नड वळणाचं मराठी बोलणारे. त्यांनी माझा कागद शांतपणे फिरवून बघितला आणि म्हणाले, "सर, तुमचा घ्यायचा भाव द्यायच्या भावापेक्षा जास्त कसा आला ओ? मीच येतो की तुमच्याकडं फ्रँक विकायला."

मी बघतच राहिलो. आकडे हे असे येत होते:

```
85.40 / 0.8000 = 106.7500   (डावा)
85.50 / 0.8010 = 106.7416   (उजवा)
```

डावा उजव्यापेक्षा मोठा. म्हणजे माझ्या कागदावरची बँक १०६.७४ ला फ्रँक विकत होती आणि तोच फ्रँक लगेच १०६.७५ ला परत घेत होती. असं दुकान कुठं असेल तर पत्ता मलाही द्या. शाखेतून मी मान खाली घालून बाहेर पडलो, आणि तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत चालत येताना डोक्यात फक्त तेच घोळत होतं.

त्या अधिकाऱ्यांनी मला सूत्र सांगितलं नाही, आणि ते बरंच झालं. त्यांनी पैशाचा हात धरून चालायला सांगितलं. रुपया माझ्या हातातून निघतो तिथपासून फ्रँक हातात येतो तिथपर्यंत एकेक देवघेव मोजायची. तुम्हीही तसंच करा.

मला फ्रँक हवेत. माझ्याकडं रुपये आहेत. पहिली देवघेव: रुपये देऊन डॉलर घेतो. बँक मला डॉलर *देते*, म्हणजे उजवा भाव, ८५.५०. दुसरी देवघेव: हातातला डॉलर देऊन फ्रँक घेतो. आता बँक माझ्याकडून डॉलर *घेते*, म्हणजे डावा भाव, एका डॉलरला फक्त ०.८००० फ्रँक. इथंच सगळी गंमत आहे. मधला डॉलर एकदा माझ्याकडं येतो आणि एकदा माझ्याकडून जातो. येताना उजवा, जाताना डावा. दोन्ही वेळा एकच बाजू लागणं शक्यच नाही.

४०,००० फ्रँक मिळवायला ०.८००० नं भागून ५०,००० डॉलर लागतील. ५०,००० डॉलर ८५.५० नं घेतले तर ४२,७५,००० रुपये. भागिले ४०,०००, म्हणजे एका फ्रँकला १०६.८७५० रुपये. हा क्रॉसचा उजवा भाव.

आता उलटं चला. समजा स्विस कंपनीनं माल परत घेतला आणि ४०,००० फ्रँक आपल्याला धाडले. फ्रँक देऊन डॉलर घ्यायचा, बँक डॉलर देते, उजवा भाव, ०.८०१०. मिळाले ४९,९३७.५८ डॉलर. ते विकून रुपये घ्यायचे, बँक डॉलर घेते, डावा भाव, ८५.४०. हाती आले ४२,६४,६६९ रुपये, म्हणजे फ्रँकला १०६.६१६७. हा क्रॉसचा डावा भाव.

खरा भाव असा निघतो: १०६.६१६७ / १०६.८७५०. डावा लहान, उजवा मोठा, जग जागेवर. मी मालकांना दिलेल्या आकड्याच्या पद्धतीनं ह्याच बिलावर ५,३३७ रुपये कमी धरले गेले असते, आणि त्यात बँकेचा एक पैशाचाही दोष नसता.

सूत्रच हवं असेल तर ते आता सांगायला हरकत नाही. दोन्ही भाव "१ डॉलर = एवढे" असे लिहिलेले असतील तर क्रॉसचा डावा म्हणजे रुपयाचा डावा भागिले फ्रँकचा उजवा. क्रॉसचा उजवा म्हणजे रुपयाचा उजवा भागिले फ्रँकचा डावा. तिरपं भागायचं, सरळ नाही. पण हे पाठ करू नका, कृपा करून. पाठ केलेलं युरो समोर आला की दगा देतं.

आकडा बरोबर आला की नाही हे ताडायच्या दोन खुणा आहेत. पहिली वर आलीच: डावा उजव्यापेक्षा लहान हवा. ही खूण मात्र अर्धीच आहे. तुम्ही एकच बाजू काढली असेल तर तुलनेला दुसरं काही नसतं आणि चूक तशीच दडून राहते. म्हणून एकच बाजू लागणार असली तरी दोन्ही काढा. दुसरी खूण जास्त पक्की आहे. डावा-उजव्यातला फरक टक्क्यात काढा. रुपयाच्या ओळीत १० पैसे, म्हणजे साधारण ०.११७ टक्के. फ्रँकच्या ओळीत ०.००१०, म्हणजे ०.१२५ टक्के. दोन्हींची बेरीज ०.२४२. आता क्रॉसमधला फरक बघा, २५.८३ पैसे, म्हणजे १०६.७५ वर ०.२४२ टक्के. जुळलं. दोन दुकानांतून गेलात तर दोन्ही दुकानांचा फरक तुमच्याच खिशातून जातो, म्हणून बेरीज जुळलीच पाहिजे. क्रॉसमधला फरक दोन्हींपैकी एखाद्यापेक्षा लहान आला तर कुठंतरी सरळ भागाकार झालाय.

युरो आला की

EUR/USD ची दिशा उलटी, हे वर सांगितलं. समजा भाव १.१५०० / १.१५०५ आहे. इथं बँक घेते-देते ती युरो, कारण पहिलं नाव युरोचं. पुन्हा पैशाचा हात धरा. मला १०,००० युरो हवेत. बँक युरो देते, उजवा, १.१५०५, म्हणजे ११,५०५ डॉलर लागतील. ते डॉलर बँक मला देते, पुन्हा उजवा, ८५.५०. एकूण ९,८३,६७७.५० रुपये. इथं गुणाकार झाला आणि दोन्ही बाजू उजव्या लागल्या. तिरपं काही नाही. डाव्याला डाव्यानं गुणा, उजव्याला उजव्यानं गुणा: ९८.२१०० / ९८.३६७८.

काही शहाणे लोक म्हणतात, सगळंच एका साच्यात बसवू, युरोचा भाव उलटा करून "१ डॉलर = एवढे युरो" असा लिहू आणि मग तिरपं भागू. करा, बिनधास्त करा, पण उलटं केलं की डावा-उजवाही उलटतो हे विसरू नका. १ भागिले १.१५०५ म्हणजे ०.८६९२ हा आता डावा झाला, आणि १ भागिले १.१५०० म्हणजे ०.८६९६ हा उजवा. लोक आकडा उलटा करतात, जागा तशीच ठेवतात, आणि मग मोठा आकडा डावीकडं बसून राहतो. माझ्या भाच्यानं परवाच हे केलं. "काका, बरोबर तर भागलंय की ओ," म्हणत होता. भागलं बरोबरच होतं.

युरो आणि पौंड असे दोघेही उलट्या दिशेचे असतील तर पुन्हा तिरपा भागाकार येतो. चालून बघितलंत तर आपोआप कळेल.

शीट बनवून ठेवा

दर वेळी हातानं करायची गरज नाही. B2, C2 मध्ये रुपयाचा डावा-उजवा, B3, C3 मध्ये फ्रँकचा. मग:

```
B5:  =B2/C3
C5:  =C2/B3
D5:  =IF(B5<C5,"ठीक","बाजू चुकली")
```

D5 आळस म्हणून गाळू नका. युरोसाठी वेगळी शीट ठेवा. एकाच शीटमध्ये गुणाकार-भागाकार बदलत बसलात की एक दिवस बदलायचा राहतो. येनसाठी आणखी एक गोष्ट: आपल्याकडं येनचा भाव शंभर येनला लिहितात. शीटमधून ०.५६९० च्या आसपास आलं आणि बँकेच्या कागदावर ५६.९० दिसलं तर घाबरू नका, शंभरानं गुणा.

वेळ सांभाळा

आपल्याकडं बँकांचा रुपया-डॉलर बाजार सकाळी ९ ते दुपारी ३.३० चालतो. फ्रँक-डॉलर मात्र रात्रंदिवस हलतो, आणि युरोप खऱ्या अर्थानं जागा होतो तो आपल्या दुपारी. संध्याकाळी सहाला बसून क्रॉस काढलात तर रुपयाची ओळ साडेतीनची आणि फ्रँकची ओळ सहाची, असा खिचडी भाव निघतो. गणित चोख असतं आणि भाव अस्तित्वात नसतो. माझा नियम असा की सकाळी ११ ते दुपारी २ च्या मधे दोन्ही ओळी एकाच मिनिटात उतरवायच्या आणि शेजारी वेळ लिहायची. त्यानंतर मिळालेला भाव म्हणजे उद्याचा अंदाज.

दुपारी एफबीआयएलचा संदर्भ दर जाहीर होतो, त्याच्याशी ताडून बघायला आवडत असेल तर बघा. जुलै २०१८ पासून रिझर्व्ह बँकेऐवजी ही संस्था तो दर काढते. त्यातला डॉलर-रुपया बाजारातल्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून काढतात, आणि युरो, पौंड, येनचे रुपयातले भाव त्यावरून क्रॉस करूनच. म्हणजे तिथंही हेच गणित चालतं. पण तिथं एकच आकडा असतो, डावा-उजवा नसतो, आणि त्या भावानं बँक तुम्हाला काही द्यायला बांधील नाही. कस्टम ड्यूटीसाठी सरकार वेगळा दर जाहीर करतं. तो बिलाच्या पैशाशी मिसळू नका.

बँकेशी बोलताना

एवढा खटाटोप कशासाठी, तर ह्या फोनसाठी. तुमच्या शीटवर उजवा भाव १०६.८७५० आहे. बँकेला फोन केला आणि त्यांनी १०७.४० सांगितले. फरक साडेबावन्न पैसे. ४०,००० फ्रँकवर २१,००० रुपये. हे बँकेचं मार्जिन, आणि ते घेण्यात काही गैर नाही, पण ते किती आहे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. विचारायचा प्रश्न एवढाच: "डॉलर-रुपया कितीनं धरलात आणि डॉलर-फ्रँक कितीनं?" दोन्ही आकडे सांगितले की मार्जिन कुठं बसलंय ते दिसतं. कधी ते एकाच ओळीत असतं, कधी दोन्ही ओळींत थोडं थोडं पसरलेलं. आणि समोरचा म्हणाला, "सर, सिस्टीममधून एकच भाव येतोय," तर ट्रेझरीकडून सौद्याचा भाव मागून घ्यायला सांगा. छापील कार्ड रेट छोट्या रकमेसाठी असतो. ४२ लाखांच्या बिलाला तो लावून घेणं म्हणजे गणपत गल्लीत पहिल्या दुकानात सांगितलेल्या भावानं पिशवी भरून निघण्यासारखं आहे.

एकदा भाव पक्का केलात की तो आणि वेळ दोन्ही मेलवर मागून घ्या. पैसे आजच कापणार की दोन कामकाजाच्या दिवसांनी, हेही त्याच मेलमध्ये. पडद्यावरचा भाव बहुधा दोन दिवसांनंतरच्या देवघेवीचा असतो, आज कापले तर काही पैशांचा फरक पडतो, आणि तो फरक कुणी आपणहून सांगत नाही.